चोपड्या, पोथ्या आणि माळ्यावरच्या पेट्या

खोपटच्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि सर्व सभासदांनी दोन महिन्यांत घरे रिकामी करून द्यावीत असे पत्र आले, तेव्हा आईचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. वडील जाऊन अकरा वर्षे झाली होती. जांभळी नाक्यावरचे आमचे भुसाराचे दुकान २००९ साली बंद झाले, आणि त्या दिवशी दुकानातले जे जे कागदरूप होते ते सगळे हातगाडीवरून घरी आले व माळ्यावर चढले. तेव्हापासून त्या सात पत्र्याच्या पेट्या कोणी उघडल्या नव्हत्या. आई आता थोरल्या बंधूंकडे घोडबंदर रस्त्यावर राहावयास जाणार होती. तिथे तिच्या वाट्याला एक खोली आणि एक कपाट येणार होते.

कपाटे, पलंग, गाद्या, शिलाई यंत्र यांचा निर्णय लागायला फारसा वेळ गेला नाही. जे चालते ते मागणाऱ्याला दिले, जे मोडले ते भंगारात गेले. कपडे धुऊन, इस्त्री करून, मापाप्रमाणे गठ्ठे बांधून दिले. न धुतलेले कपडे दान म्हणून देणे म्हणजे आपला केर दुसऱ्याच्या दारात लोटणे, असे आईचे स्पष्ट मत आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांविषयी मात्र एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोड घेणारे बहुधा काशाच्या थाळ्या-वाट्या पितळेच्याच ढिगात टाकून पितळेच्या भावाने तोलतात. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. कथील जस्तापेक्षा पुष्कळ महाग असते, म्हणून काशाचा भावही पितळेहून चढा असावयास हवा. ओळख सोपी आहे. थाळी बोटांच्या टोकांवर अलगद तोलून कडेला टिचकी मारावी. काशाचा नाद घंटेसारखा लांबतो, पितळेचा लगेच विरतो. पितळ आपटले की चेपते, कासे तडकते. आमच्या चौदा थाळ्यांपैकी पाच काशाच्या निघाल्या. त्या विकल्या नाहीत, पाच नातवंडांना एकेक दिली. तांब्याचा बंब मोडीत गेला, पण त्याची लोखंडी जाळी आणि तोटी आधी काढून मगच तो काट्यावर चढविला, म्हणजे वजनवजावटीचा वाद राहिला नाही.

खरा प्रश्न कागदांचा होता. व्यापारी घराची आवराआवर इतर घरांहून निराळी होते ती याच ठिकाणी. नोकरदाराच्या घरी कागद असतात ते त्याचे स्वतःचे. आपल्या घरी असतात ते निम्मे दुसऱ्यांचे.

पहिल्याच दिवशी आईने एक नियम घातला: कोणतीही चोपडी पान-पान उलटल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही. पुतण्याला हे फार वेळखाऊ वाटले. तो म्हणाला, "आजी, दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, आता यात काय असणार?" आई म्हणाली, "तुझे आजोबा महत्त्वाचा कागद कधी कपाटात ठेवत नसत. ज्या सालचा कागद, त्या सालच्या चोपडीत." आणि तसेच निघाले. जुन्या पेढ्यांवरची ही सवय ठाऊक असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. वह्या दर दिवाळीला पुजल्या जात, क्रमाने रचल्या जात आणि त्यांना कोणी हात लावत नसे. तिजोरीपेक्षा सुरक्षित जागा तीच.

१९६८ सालच्या खतावणीत गृहनिर्माण संस्थेचे भागप्रमाणपत्र मिळाले: पन्नास रुपयांचे पाच भाग, मागच्या बाजूस वडिलांच्या नावाची नोंद. पुनर्विकासाच्या कामात हेच मूळ प्रमाणपत्र आमच्याकडे मागितले जात होते, आणि ते हरवले आहे असे समजून आम्ही दुय्यम प्रतीच्या खटाटोपाला लागण्याच्या बेतात होतो. त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद, नुकसानभरपाईचे हमीपत्र, संस्थेच्या समितीचा ठराव, एवढे सगळे करावे लागले असते. त्याच वहीत घराच्या मूळ करारनाम्याची आणि मुद्रांक शुल्काच्या पावतीची घडी होती. ज्यांच्या इमारती पाडावयाच्या आहेत त्यांनी सामानाला हात लावण्यापूर्वी हे तीन कागद शोधावेत, आणि मिळेपर्यंत एकही गठ्ठा रद्दीवाल्याला देऊ नये.

१९८३च्या रोजमेळात शेअरची दोन प्रमाणपत्रे होती, मुंबईच्या एका जुन्या कंपनीची, वडिलांच्या नावाची, मिळून पन्नास शेअर. कंपनीचे नाव आज कुठे ऐकू येत नाही, त्यामुळे बंधूंनी ती बाजूला टाकली होती. पण नाव नाहीसे झाले म्हणजे कंपनी बुडाली असे नव्हे. पुष्कळ कंपन्या दुसरीत विलीन झाल्या किंवा त्यांची नावे बदलली, आणि जुन्या प्रमाणपत्रामागचा हक्क नव्या कंपनीत चालत आला. प्रमाणपत्रावर फोलिओ क्रमांक असतो. तो घेऊन विलीनीकरणानंतरच्या कंपनीच्या निबंधकाकडे, म्हणजे शेअरांची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडे, लेखी चौकशी करावयाची. सलग सात वर्षे लाभांश कोणी उचलला नाही, तर कंपनी कायद्याप्रमाणे तो लाभांश आणि ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. आमचे तसेच झाले होते. पण निधीकडे गेलेले शेअर बुडत नाहीत, वारसाला ते परत मागता येतात. आधी कंपनीकडे मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद देऊन हक्क मान्य करून घ्यावा लागतो, कंपनी तसे हक्कपत्र देते, मग आयईपीएफ-५ हा अर्ज भरावयाचा. शेअर परत येतात ते कागदावर नव्हे, डिमॅट खात्यात. म्हणून आईच्या नावाने ते खाते आधी उघडावे लागले. एप्रिल २०१९पासून कागदी शेअरांचे हस्तांतरण बंद आहे, परंतु मृत्यूनंतर वारसाच्या नावे करणे त्यात बंद झालेले नाही. बंद झाले आहे ते विक्रीसाठी नाव बदलणे. हा भेद ठाऊक नसल्याने कित्येक घरांत अशी प्रमाणपत्रे निरुपयोगी समजून फाडली जातात. आमचा अर्ज गेला आहे. वेळ लागतो. "एवढ्या टक्क्यांत काढून देतो" म्हणणारे दलाल दोनदा येऊन गेले. त्यांना मूळ प्रमाणपत्र दाखविले नाही, छायाप्रतही दिली नाही.

आता वह्यांविषयी. एकंदर एकशे बारा निघाल्या: रोजमेळ, खतावण्या, मालाच्या आवक-जावकीच्या नोंदी, पहिल्या पानावर श्रीकार आणि कुंकवाचा स्वस्तिक. जीएसटीच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने हिशेब जपण्याचे बंधन आहे, पण आमचे दुकान तो कर येण्याच्या कितीतरी आधी बंद झालेले. करसल्लागारांनाही विचारले, आमच्याविरुद्ध कोणतेही प्रकरण चालू नसल्याने एकाही वहीची कायद्याला गरज उरली नव्हती. पण म्हणून त्या रद्दीत द्याव्यात काय?

रद्दीचे पुढे काय होते हे आपल्याला पुरेसे ठाऊक आहे. चांगला, जाड, मोठ्या आकाराचा कागद गिरणीपर्यंत जातच नाही. त्याच्या पिशव्या आणि पुड्या होतात. खतावणीचे पान तर त्यासाठी फारच सोयीचे. त्या पानांवर नावे होती: आमच्याच गल्लीतल्या माणसांची, डेपोत नोकरीला असलेल्यांची, चरईतल्या भाडेकरूंची. कोणी किती तांदूळ उधार नेला, कोणी किती महिने फेडला नाही, कोणाच्या नावापुढे वडिलांनी बारीक अक्षरात "सध्या आजारी, मागू नये" असे लिहिले. उधारी तीन वर्षांत कायद्याने वसूल न करण्याजोगी होते. म्हणजे पैशाच्या दृष्टीने ही नावे मेलेली. पण माणसे जिवंत होती, किंवा त्यांची मुले होती, आणि ती अजून आईला रस्त्यात नमस्कार करीत होती. एका खात्यावर १९७४ सालचे तीनशे चाळीस रुपये उभे होते. त्या गृहस्थांचा मुलगा आज परिसरात मानाने ओळखला जातो. आईने ते पान वाचले, वही मिटली आणि म्हणाली, "हे पान त्याच्या सुनेच्या हाती शेंगदाण्याच्या पुडीसारखं पडता कामा नये."

यावर घरात मतभेद झाला, आणि तो लवकर मिटला नाही. बंधूंना सगळ्या वह्या ठेवावयाच्या होत्या. पन्नास वर्षांचा संसार यातून उभा राहिला, असे त्यांचे म्हणणे. पुतण्या म्हणाला, सगळ्या पानांची छायाचित्रे काढू आणि वह्या देऊन टाकू. मला दोन्ही पटेनात. ठेवावयाच्या तर बंधूंच्या घरी जागा नव्हती, आणि ज्या नावांना वहीतून मोकळे करावयाचे तीच नावे संगणकात उतरवून ठेवण्यात अर्थ नव्हता. शेवटी आईनेच ठरविले: दुकान सुरू केले त्या सालची पहिली वही आणि बंद केले त्या सालची शेवटची रोजमेळ, एवढ्या दोन ठेवाव्यात, दोन्हींत कोणाची उधारी नव्हती. बाकी नष्ट कराव्यात, परंतु त्यातले एकही नाव वाचता येणार नाही अशा रीतीने.

हे बोलणे सोपे, करणे अवघड. जाळणे आईला मान्य नव्हते, अग्निकायाची विराधना म्हणून. खाडीत सोडणे त्याहून नको. मी टबात भिजवून लगदा करण्याचे सुचविले. जुन्या शाईचे अक्षर पाण्यात विरघळते आणि कागदही लवकर सुटतो. आईने तेही नाकारले. ओला लगदा चार दिवस पडला की त्यात जीव पडतात, आणि तो वाळवावयाचा तरी कोठे, इमारत पाडण्याच्या धांदलीत? साधूंच्या पाच समित्यांतील पाचवी, परिष्ठापनेची, ती श्रावकांनाही किती नेमकेपणाने लागू पडते, हे मला त्या दिवशी समजले: टाकण्याची वस्तू कोठे, कशी, कोणाला पीडा न होता टाकावी याचाच तो विचार आहे.

मग उरला कोरडा मार्ग. पुतण्याच्या कार्यालयात कागदाच्या पट्ट्या करणारे यंत्र होते, लहान, एका वेळी पाच-सहा पाने घेणारे. प्रत्येक वहीचा कापडी पुठ्ठा, सुतळी, टाचण्या आणि धातूच्या कड्या आधी सोडवाव्या लागत. एखादी टाचणी आत गेली तर यंत्राचे दात जातात. वीस मिनिटे चालविले की यंत्र तापून थांबे, पुन्हा थंड होईस्तोवर वाट पाहावयाची. चार रविवार गेले. पट्ट्यांच्या रद्दीला भाव कमी मिळतो, कारण तुकड्यांतील तंतू आखूड होतात आणि पिशव्यांसाठी ती चालत नाही. म्हणूनच ती थेट लगद्याच्या कामाला जाते, आणि आम्हांला तेच हवे होते. पूजेची पहिली पाने मात्र यंत्रात घातली नाहीत. ती आईने सोडवून घेतली आणि एका कापडात बांधून ठेविली.

पेट्या उघडताना कसर आणि वाळवी भेटणार हे गृहीतच होते. औषध फवारणे किंवा कडक उन्हात टाकणे आईने वर्ज्य केले. पेटी सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवावयाची, आणि प्रत्येक पान पुंजणीने हलक्या हाताने झाडून जीव बाहेर सोडावयाचे. कामाचा वेग त्याने निम्मा झाला, परंतु असे झाडताना पाने नीट पाहिली जात, आणि शेवटच्या पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू हाती आली ती त्यामुळेच.

तळाशी धर्मग्रंथांचे गाठोडे होते. बहुतेक छापील: प्रतिक्रमणाच्या पुस्तिका, स्तवनांचे संग्रह, जुनी मासिके, तीर्थंकरांच्या चित्रांच्या लग्नपत्रिका. यांविषयी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे, की उपाश्रयात नेऊन ठेवले म्हणजे झाले. उपाश्रयाच्या कपाटांतूनही त्याच पुस्तिकांच्या शंभर प्रती पडून असतात, आणि न विचारता ठेवलेला गठ्ठा तेथल्या सेवकाच्या डोक्यावर बसतो. आम्ही आधी यादी करून विचारले. पाठशाळेला चालतील अशा एकवीस पुस्तिका त्यांनी घेतल्या. जुनी मराठी पुस्तके ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला दाखवावयाची म्हणून वेगळी काढली. १८९३पासूनच्या त्या संस्थेला एखादी दुर्मीळ आवृत्ती हवी असू शकते, पण तेथेही यादी आधी, गठ्ठा नंतर.

आणि त्या गाठोड्यात लाल खेरव्यात गुंडाळलेली आडवी पोथी होती. बंधूंना ती शिळाछापाची वाटली. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या हस्तलिखितासारख्याच दिसतात, म्हणून शंका रास्त होती. पारख करण्याच्या खुणा मात्र ठरलेल्या आहेत. शिळाछापात शाई सर्वत्र सारखी पसरलेली असते आणि शेवटी बहुधा छापखान्याचे नाव व वर्ष असते. हस्तलिखितात बोरू टेकला तेथे शाई दाट, उचलला तेथे फिकट. एकच अक्षर दोनदा अगदी सारखे येत नाही. आमच्या पोथीत समासाच्या रेषा आणि श्लोकांचे आकडे हिंगुळाच्या लाल रंगात होते, पानांच्या मध्यावर चौकोनी मोकळी जागा होती (ताडपत्राला दोरी ओवण्याचे जे भोक असे, त्याची ती आठवण), आणि सातव्या पानावर दोन अक्षरांवर पिवळा लेप देऊन वर दुरुस्ती केलेली. हा पिवळा रंग म्हणजे हरताळ. "हरताळ फासणे" हा आपल्या मराठीतला वाक्प्रचार लेखकूंच्या याच कृतीतून आला. हरताळ सोमलाच्या जातीचे विष आहे, म्हणून अशा पोथीची पाने थुंकी लावून कधीही उलटू नयेत. हे ठाऊक नसलेले हात आपल्याकडे पुष्कळ आहेत.

पोथी दशवैकालिक सूत्राची निघाली, मूळ ओळीच्या वर बारीक अक्षरात जुन्या गुजरातीतला टबा, म्हणजे शब्दशः अर्थ. पाने त्रेचाळीस, क्रमांक पानाच्या मागल्या बाजूस उजव्या समासात. शेवटी पुष्पिका: संवत १८९१, पुढे लेखकूचे नाव व गाव. विक्रम संवतातून सत्तावन्न वजा केले की साधारण इसवी सन मिळतो, म्हणजे १८३४च्या सुमाराची. आजोबा नगर जिल्ह्यातून ठाण्यास येताना ती बरोबर आणली असणार. त्याविषयी घरात कोणाला काहीच माहीत नव्हते, आईलाही नाही.

अँटवर्पच्या भाचीला छायाचित्र पाठविले तसे तिने आठवण म्हणून पोथी मागितली. मोह झाला. परंतु १९७२च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे पंचाहत्तर वर्षांहून जुने, साहित्यिक वा ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित पुराणवस्तू ठरते, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, विकण्यासाठी नाही आणि भेट म्हणूनही नाही. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने पानामागे भाव सांगितला. पानामागे, हे ऐकूनच आईने त्याला चहा देऊन निरोप दिला.

कोठे द्यावी यावर पुष्कळ बोलणे झाले. पुण्याची भांडारकर संस्था, अहमदाबादचे लालभाई दलपतभाई विद्यामंदिर आणि गांधीनगरजवळ कोबा येथील ज्ञानमंदिर, या तिन्ही ठिकाणी हस्तलिखितांची सूची होते, ती हवाबंद नव्हे तर योग्य हवेत ठेवली जातात आणि अभ्यासकाला पाहावयास मिळतात. टब्याची भाषा आणि आगमाचा विषय पाहता कोबा सर्वांना योग्य वाटले. देण्यापूर्वी प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढली, पाने पुन्हा मोजली, आणि एक पत्र तयार केले: ग्रंथाचे नाव, पानांची संख्या, पुष्पिकेचा मजकूर, देणाऱ्याचे नाव, आणि प्रत अखंड ठेवावी ही विनंती. पोच घेतल्याशिवाय पोथी हातची सोडावयाची नाही. फाटलेल्या तीन कडांना चिकटपट्टी लावण्याचा पुतण्याचा उत्साह वेळीच थांबविला; ती पट्टी काही वर्षांत पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि काढताना अक्षरे सोबत येतात. आवरण ह्याच नियमाने केले: धुतलेले, बिनखळीचे सुती कापड, वर आणि खाली लाकडी फळी.

बंधू कार्तिकी पौर्णिमेनंतर ती स्वतः घेऊन जाणार आहेत, टपालाने नाही. तोवर पोथी आईच्या नव्या कपाटात आहे, त्या दोन वह्यांच्या वर. खालच्या खणात कटासणे, मुहपत्ती, दोन साड्या आणि पूजेच्या पानांचे ते कापड. परवा मी गेलो तेव्हा ती चष्मा लावून पोथीची पाने पुन्हा मोजीत होती. "त्रेचाळीसच ना?" मी विचारले. "त्रेचाळीस," ती म्हणाली, "पण बावीसचा आकडा त्याने दोनदा लिहिलाय. पत्रात तसं लिही, नाहीतर तिथे एक पान कमी आहे म्हणतील."